नाव बदलल्यावर जुनी गिऱ्हाईकं ओळखत नाहीत, अकाउंट सापडत नाही: नेमकं कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

हा प्रश्न मला वर्षभर कोणी ना कोणी विचारतच असतं. कोणी लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, कोणी परत माहेरचं लावलेलं असतं, कोणाची पार्टनरशिप सुटलेली असते म्हणून धंद्याचं नाव नवीन, आणि तक्रार मात्र सगळ्यांची एकच. सगळीकडे नाव बदललं, स्टोरी पण टाकली, तरी लोक विचारतात "आपण कोण?", जुन्या नावाने शोधलं तर काहीच येत नाही, आणि दोन-चार जण अकाउंट हॅक झालं समजून ब्लॉकसुद्धा करतात.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण घेऊन सांगते, कारण तिच्या बाबतीत जवळपास सगळंच एकदम झालं होतं. ती कोल्हापूरला रुखवताच्या ऑर्डरी घेते, खणाच्या बाहुल्या, सजवलेले नारळ, सप्तपदीच्या सुपाऱ्या वगैरे. अकाउंट तिच्या आणि मैत्रिणीच्या नावाची अक्षरं जोडून केलेलं होतं, मैत्रीण पुण्याला गेली, काम थांबवलं, तेव्हा दोघींनी ठरवूनच नाव बदलायचं म्हटलं. खरं नाव इथे देत नाही, जुनं हँडल `june_nav` आणि नवीन `navenav` धरून चला.

तिने एका रात्रीत इन्स्टावर नाव, युजरनेम, लोगो तिन्ही बदललं, व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी बदलला, आणि एक स्टोरी टाकली "आमचं नाव आता बदललंय, असंच प्रेम राहू द्या". दुसऱ्या दिवशी अॅडव्हान्स दिलेल्या एका काकूंचा घाबरून फोन, की तुमचं पेज बंद झालं का, माझे पैसे कुठे गेले. त्यांनी जुन्या चॅटमधली लिंक उघडली होती आणि त्यांना `Sorry, this page isn't available.` एवढंच दिसत होतं.

आधी प्रकार ओळखा

"लोक ओळखत नाहीत" ही एक तक्रार नसते, त्यात तीन वेगळे बिघाड असतात आणि तिन्हीचे उपाय वेगळे आहेत. एक, जुनी लिंक मेलेली असते. दोन, लिंकशिवाय नुसतं नाव टाइप करून शोधणाऱ्याला तुम्ही सापडत नाही. तीन, माणूस तुमच्यापर्यंत पोचतो पण हे तुम्हीच आहात यावर त्याचा विश्वास बसत नाही.

कुठला बिघाड आहे ते स्वतःच्या फोनवर कळणार नाही, कारण इन्स्टा तुम्हाला तुमचंच अकाउंट आधी दाखवणार. तुम्हाला फॉलो न करणाऱ्या कोणाचा तरी फोन घ्या, शेजारच्या काकांचा, ऑफिसातल्या कोणाचा, आणि त्यावर जुनं नाव रोमनमध्ये टाइप करा, मग देवनागरीत करा, मग लोक चुकीच्या स्पेलिंगने करतात तसं करा. नंतर जुन्या व्हॉट्सअ‍ॅप चॅटमधली तुमची लिंक उघडून बघा. शेवटी तुमचं प्रोफाइल त्या माणसाच्या हातात द्या आणि विचारा की जुनं `june_nav` ते हेच, असं कशावरून कळतंय का. दहा मिनिटांचं काम आहे, पण हे केल्याशिवाय पुढचं काही करू नका.

लिंक का मरते

इन्स्टावर युजरनेम बदललं की पत्ता बदलतो, आणि जुना पत्ता नव्याकडे आपोआप वळत नाही. फॉलोअर्स तसेच राहतात, पोस्टी तशाच राहतात, फोटोवर केलेलं टॅगसुद्धा तुमच्याबरोबर येतं. पण कोणी कॅप्शनमध्ये किंवा कमेंटमध्ये @ लावून तुमचं जुनं युजरनेम टाइप केलं असेल तर ते अक्षरशः टाइप केलेलं आहे तसंच राहतं आणि दाबलं की एरर येतो. रुखवतवालीसाठी हे फार मोठं नुकसान, कारण नवीन ऑर्डरी येतात त्या नवरीने किंवा मेकअपवालीने कॅप्शनमध्ये मेन्शन केलेल्या पोस्टींवरूनच. त्या पोस्टी दुसऱ्यांच्या आहेत, आपल्याला एडिट करता येत नाहीत. मावसबहिणीने त्यातल्या जास्त चाललेल्या पोस्टी निवडून त्या मुलींना मेसेज केला की कॅप्शनमधलं नाव तेवढं बदल ना, आणि बहुतेकींनी बदललं. फक्त मागायला जायचं म्हणून बरेच लोक हे करत नाहीत, पण जरूर करा.

एक्सवर पण तसंच, युजरनेम सोडलं की ते मोकळं होतं आणि कोणीही घेऊ शकतं. टेलिग्रामचं `t.me` वालं पण लगेच तुटतं. यूट्यूब थोडं दयाळू आहे, हँडल बदलल्यावर १४ दिवस जुनं हँडल तुमच्यासाठी राखलेलं असतं आणि तोवर जुनी नवी दोन्ही लिंक चालतात. इन्स्टावरही साधारण १४ दिवसांत जुनं युजरनेम परत घेता येतं, निदान बहुतेक वेळा घेता येतं, म्हणजे लिंका तुटून गोंधळ झालाच असेल आणि पंधरा दिवस झाले नसतील तर मागे फिरायचा रस्ता अजून उघडा आहे. आम्ही तेच केलं. जुनं युजरनेम आणि जुना लोगो दोन्ही परत लावले, काकूंना फोन करून लिंक परत उघडायला लावली, आणि मग सगळं नीट क्रमाने परत केलं.

व्हॉट्सअ‍ॅपची `wa.me` आणि पुढे आपला नंबर अशी जी लिंक असते ती नावावर नाही, नंबरवर असते, त्यामुळे नाव कितीही वेळा बदला ती तुटत नाही. म्हणून डब्यावरचे स्टिकर, व्हिजिटिंग कार्ड, पिशव्या यावर क्यूआर छापायचाच असेल तर तो या लिंकचा छापा, इन्स्टा प्रोफाइलचा नको. तिच्याकडे इन्स्टाचा क्यूआर छापलेले स्टिकरांचे गठ्ठे पडून होते, ते फेकून न देता त्यावर नव्या क्यूआरचा छोटा स्टिकर चिकटवला.

बदलायच्या आधीचं काम

नवीन हँडल सगळीकडे एकसारखं हवं असेल तर आधी एक्सची मर्यादा बघा, तिथे युजरनेमला फक्त १५ अक्षरं मिळतात, इन्स्टावर ३० मिळतात. आणि इन्स्टावर टिंब चालतं, एक्सवर चालत नाही, तिथे अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच. म्हणजे १५च्या आत, टिंब नसलेलं नाव निवडलं तर ते जवळपास सगळीकडे बसतं, फक्त ते कोणी आधीच घेतलेलं नाही ना हे एकेक अॅप उघडून बघावं लागतं. सगळीकडे मोकळं आहे अशी खात्री झाल्याशिवाय एकाही ठिकाणी बदलू नका, नाहीतर इन्स्टावर एक, फेसबुकवर दुसरं, यूट्यूबवर मागे आकडे लावून तिसरं, असं होतं आणि मग ते आयुष्यभर सांगत बसावं लागतं.

फेसबुकच्या पर्सनल प्रोफाइलवर एकदा नाव बदललं की पुढचे ६० दिवस परत बदलता येत नाही. त्यामुळे फेसबुक सगळ्यात शेवटी करा, स्पेलिंग पक्कं झाल्यावर. धंद्याचं पेज असेल तर नाव बदलायची रिक्वेस्ट जाते आणि ती तपासून मंजूर होते, अगदीच वेगळं नाव असेल तर नाकारली पण जाऊ शकते, म्हणून आमच्यासारख्यांनी नव्या नावात "रुखवत" हा शब्द तसाच ठेवणं सोयीचं पडतं, तपासणाऱ्यालाही आणि गिऱ्हाईकालाही कळतं की काम तेच आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाव बदलताना फोटो बदलू नका. लोक चॅटच्या यादीत नाव वाचत नाहीत, तो गोल फोटो बघून बोट लावतात. इन्स्टावर नाव बदललं की जुन्या चॅटच्या डोक्यावरही नवीनच नाव येतं, म्हणजे काकूंच्या इनबॉक्समध्ये अचानक एक अनोळखी नाव आणि अनोळखी लोगो, आणि आत मात्र त्यांच्याच मुलीच्या लग्नाच्या गप्पा. घाबरणारच ना माणूस. जुना लोगो निदान महिनाभर तसाच ठेवा, नव्या नावाची सवय झाली की मग लोगो बदला.

घोषणा कशी लिहायची

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तुम्ही जुन्या नावाने पोस्ट टाकली "आमचं नाव बदलतंय", आणि चार दिवसांनी युजरनेम बदललं, की त्या पोस्टच्या वरसुद्धा नवीनच युजरनेम दिसायला लागतं. जुनं नाव त्या पोस्टवर कुठेच उरत नाही! मग बघणाऱ्याला कळणार कसं की आधी काय नाव होतं. म्हणून जुनं नाव चित्रावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं हवं आणि कॅप्शनमध्येही टाइप केलेलं हवं, देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही. मावसबहिणीच्या पहिल्या स्टोरीत जुनं नाव एकदाही नव्हतं, नवीनही नीट नव्हतं, नुसतंच "नाव बदललंय" होतं.

शिवाय स्टोरी २४ तासात जाते. रुखवताचं गिऱ्हाईक रोज इन्स्टा बघत बसत नाही, लग्न ठरल्यावर येतं, तोवर तुमची स्टोरी कधीच गेलेली असते. घोषणा ही पोस्ट किंवा रील म्हणून टाका आणि प्रोफाइलच्या वर पिन करा, इन्स्टावर तीन पोस्टी पिन करता येतात, त्यातली एक यासाठी द्या. रीलमध्ये स्वतः समोर या, तोंडाने जुनं नाव आणि नवीन नाव दोन्ही म्हणा. चेहरा आणि आवाज ओळखीचा असला की हॅकची शंका तिथेच मिटते.

युजरनेम बदलायच्या साधारण आठवडाभर आधी पहिली पोस्ट, बदललं त्या दिवशी दुसरी, आणि पंधरा दिवसांनी एक आठवण, एवढं पुरतं. त्यापेक्षा जास्त केलं तर लोक कंटाळतात.

सापडण्यासाठी: जुनं नाव कुठे ठेवायचं

इन्स्टावर युजरनेम वेगळं आणि नाव वेगळं असतं, आणि शोधताना दोन्ही बघितलं जातं, बायोसुद्धा. म्हणून युजरनेम नवीन करा, पण नावाच्या रकान्यात "नवं नाव | आधीचं जुनं नाव" असं दोन्ही ठेवा, आणि बायोत रोमन स्पेलिंग टाका. आमच्याकडे नावात जुनं नाव रोमनमध्ये आणि बायोत देवनागरीत असं उलटं ठेवलं, कारण शोधणारे बहुतेक रोमनमध्ये टाइप करतात हे तिला गिऱ्हाइकांच्या स्क्रीनशॉटवरून माहीत होतं. बायोला १५० अक्षरंच मिळतात त्यामुळे भावनिक काही लिहायला जागा नाही, "आधीचं june_nav, काम तेच, हात तेच" एवढं बास. नावाचा रकाना १४ दिवसांत दोनदाच बदलता येतो म्हणून तिथे रोज प्रयोग करू नका.

फेसबुक प्रोफाइलवर "इतर नावं" म्हणून सोय आहे, त्यात माहेरचं नाव, टोपणनाव घालता येतं आणि ते प्रोफाइलवर वर दाखवताही येतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी हे जरूर करावं, शाळेतल्या मैत्रिणी जुन्या आडनावानेच शोधतात. लिंक्डइनवर पण आधीच्या नावाचा वेगळा रकाना आहे आणि ते कोणाला दिसावं हेही ठरवता येतं. मात्र ज्यांना जुनं नाव नकोच आहे, एखाद्या माणसापासून लांब जायचं म्हणून नाव बदललंय, त्यांनी यातलं काहीही जाहीर करू नये, ओळखीच्यांना एकेकाला खासगीत सांगावं.

गुगल मॅपवर दुकानाची नोंद असेल तर तिथे मात्र नावाच्या रकान्यात "आधीचं अमुक" लिहू नका, तिथे पाटीवर आहे तेच नाव लागतं, जास्तीचं काही घातलं तर नोंद अडकू शकते. जुनं नाव वर्णनात लिहा. धंदा तोच आणि जागा तीच असेल तर नवीन नोंद अजिबात करू नका, आहे त्याच नोंदीत नाव बदला म्हणजे जुने रिव्ह्यू राहतात.

जुनं इन्स्टा युजरनेम दुसऱ्याने घेऊ नये म्हणून त्याच नावाने एक रिकामं अकाउंट उघडून ठेवायचं. बदलल्या बदलल्या कधी कधी ते नाव मिळत नाही असं अॅप सांगतं, तर पंधरवडा झाल्यावर परत बघा. मिळालं की त्यावर एकच पोस्ट, "आम्ही आता `navenav` वर आहोत", बायोत तेच, आणि बाकी काही नाही. त्यावर जुने कामाचे फोटो टाकू नका, नाहीतर लोकांना दोन अकाउंट दिसतात आणि खरं कुठलं हा नवीनच घोळ. या एका गोष्टीने मेलेल्या सगळ्या लिंका परत जिवंत होतात, कारण जुना पत्ता उघडला की निदान पाटी दिसते.

व्हॉट्सअ‍ॅपचं उलटं असतं

इथे तुम्ही नाव बदललं तरी ज्यांनी नंबर सेव्ह केलाय त्यांना काहीच फरक दिसत नाही, त्यांनी जे नाव सेव्ह केलं तेच दिसणार. तुमचं प्रोफाइल नाव फक्त सेव्ह न केलेल्यांना दिसतं, नंबरच्या बाजूला ते वळणदार चिन्ह लावून. आणि नंबर बदलल्यावर जसं ग्रुपमध्ये आपोआप कळतं तसं नाव बदलल्यावर कोणालाही कळवलं जात नाही. त्यामुळे सांगावं लागतं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, बाकीच्यांना एकेकटा पाठवावा लागेल. आम्ही हा मेसेज वापरला:

> नमस्कार ताई, मी कोल्हापूरहून रुखवतवाली. आपण (गाव) च्या लग्नासाठी सप्तपदीचा सेट घेतला होता. आमचं जुनं नाव (जुनं नाव) होतं, आता (नवं नाव) झालंय. नंबर हाच आहे, काम मीच करते. इन्स्टावर navenav असं शोधा. या मेसेजमध्ये कुठलीही लिंक नाही आणि मी पैसे मागत नाहीये. नंबर नवीन नावाने सेव्ह करून ठेवाल का? शंका वाटली तर याच नंबरवर फोन करा.

यात लिंक मुद्दाम टाकलेली नाही. अनोळखी लिंक दाबू नका असं सगळीकडून ऐकलेलं असतं, आणि नाव बदललंय म्हणत लिंक आली की ती फसवणूकच वाटते. त्यांच्या ऑर्डरीतली एखादी बारीक गोष्ट लिहिली की मात्र विश्वास बसतो, कारण ती फक्त तुम्हालाच माहीत असते. मोठ्या माणसांना सोबत एक छोटी व्हॉइस नोट पाठवा, त्या काकूंचं समाधान शेवटी व्हॉइस नोटनेच झालं.

पैसे भरताना तिसरंच नाव दिसतं

हे शेवटचं अडणं आणि इथे ऑर्डर हातची जाते. गिऱ्हाईक नवीन नावाच्या अकाउंटवरून आलं, क्यूआर स्कॅन केला, आणि स्क्रीनवर बँकेतलं नाव आलं, म्हणजे ना जुनं ना नवीन, आधारवरचं पूर्ण नाव. आपण मनाने ठेवलेलं नाव तिथे चालत नाही, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२५च्या जूनअखेरपासून सगळ्या यूपीआय अॅपना बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवायला लावलंय, आणि ते गिऱ्हाइकाच्या भल्याचंच आहे. म्हणून क्यूआर पाठवताना त्याच मेसेजमध्ये लिहा, "स्कॅन केल्यावर अमुक अमुक असं नाव येईल, ते माझंच, तेच आलं तरच पैसे पाठवा". लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि बँकेत अजून माहेरचंच असेल तर तेही स्पष्ट सांगा. चालू खातं धंद्याच्या नावाने असेल तर नवीन नावासाठी बँकेत आधी कागद द्यावे लागतात, त्याला वेळ लागतो, तोवर जुन्या नावाचाच उल्लेख करत राहा.

ट्रूकॉलरवर पण जुनं नाव बराच काळ दिसतं कारण ते दुसऱ्यांनी सेव्ह केलेल्या आणि सुचवलेल्या नावांवरूनही येतं. स्वतःच्या प्रोफाइलमधून बदलून ठेवा, लगेच दिसलं नाही तर परत परत बदलत बसू नका.

जुनं नाव किती दिवस ठेवायचं हे तुमचं गिऱ्हाईक किती दिवसांनी परत येतं यावर ठरवा. रोज डबा घेणारे असतील तर दोन महिने पुरे. रुखवताचं तसं नाही, ज्या ताईने मोठ्या मुलीच्या वेळी घेतलं ती धाकटीच्या लग्नाला येते, किंवा तिची जाऊ येते, म्हणून मावसबहिणीने एक पूर्ण लग्नसराई जुनं नाव ठेवायचं ठरवलंय. काढायच्या आधी परत तीच चाचणी, दुसऱ्याच्या फोनवर जुनं नाव टाइप करून, आणि त्या महिन्यात "june_nav तुम्हीच का" असं विचारणारे किती आले ते बघून. अजून येत असतील तर नाव राहू द्यायचं.

आणि जुनं युजरनेम आधीच दुसऱ्या कोणी घेतलं असेल तर ते परत मिळवायच्या मागे लागू नका, तो माणूस तुमचे फोटो किंवा तुमचं नाव सांगून ऑर्डरी घेत असेल तरच अॅपमधून तोतयेगिरीचा रिपोर्ट करा, स्वतःच्या अकाउंटवरून, स्क्रीनशॉट आधी काढून ठेवून, आणि त्याच दिवशी पिन केलेल्या पोस्टमध्ये लिहा की ते अकाउंट आता आमचं नाही, त्यावर पैसे पाठवू नका.